दुकानात तीन नोकर, मग व्यवसाय कराचं काय?

महाराष्ट्रातल्या एका कापड दुकानात तिघे कामाला आहेत: १८,००० आणि ९,००० रुपये पगाराचे दोन पुरुष, २२,००० रुपये पगाराची एक महिला. पहिल्याचे दरमहा २०० रुपये, दुसऱ्याचे १७५. बाईंचे काहीच नाही, कारण महिलांना २५,०००पर्यंत माफी आहे. म्हणजे महिन्याला ३७५ रुपये. फेब्रुवारीत मात्र पहिल्याचे ३०० कापायचे, हे हमखास विसरलं जातं. वर्षाचे झाले ४,६००.

हे पैसे पगारातून कापून भरण्यासाठी मालकाला पीटीआरसी नोंदणी लागते. दायित्व सुरू झाल्यापासून तीस दिवसांत mahagst.gov.in वर अर्ज करायचा. स्वतःच्या धंद्याचा वर्षाला २,५०० रुपयांचा कर मात्र पीटीईसी या वेगळ्या क्रमांकावर भरायचा. अनेकजण एकच काढतात आणि पुढे नोटीस येते.

नव्या नोंदणीला पहिल्या वर्षी विवरणपत्र दरमहा, महिनाअखेरपर्यंत. त्यानंतर आदल्या वर्षीचा कर लाखाच्या आत असेल तर मार्च ते फेब्रुवारीच्या पगाराचं एकच विवरणपत्र, ३१ मार्चपर्यंत. आधी चलन, मग विवरणपत्र. नुसतं चलन भरून थांबलात तर कर जमा असूनही विलंब शुल्क लागतं.