प्रबंधाचं पुस्तक होताना

पीएच.डी. मिळाली की दोन-तीन महिन्यांतच अनेक जण प्रकाशकाला ई-मेल धाडतात. ‘माझ्या प्रबंधास परीक्षकांनी प्रकाशनयोग्य असा शेरा दिला आहे, तरी तो पुस्तकरूपाने प्रसिद्ध करावा, ही विनंती.’ सोबत चारशे पानांची पीडीएफ जोडलेली. विद्वत्तापूर्ण पुस्तकं काढणाऱ्या प्रकाशनसंस्थेचा संपादक ती पीडीएफ सहसा वाचत नाही. त्याला हवं असतं आठ-दहा पानांचं प्रपोजल आणि नमुन्यादाखल एक-दोन प्रकरणं. तेही प्रबंधाबद्दलचं नको असतं, होऊ घातलेल्या पुस्तकाबद्दलचं हवं असतं. गाडी अडते ती इथेच, कारण बहुतेकांच्या डोक्यात ते पुस्तक अजून तयारच झालेलं नसतं.

पूर्वी हे अंतर इतकं नव्हतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा कोलंबिया विद्यापीठातला प्रबंध 1925 मध्ये लंडनच्या पी. एस. किंग अँड सन या प्रकाशनाने छापला, आणि छापील प्रती विद्यापीठात जमा झाल्यावर 1927 मध्ये पदवी रीतसर पदरात पडली. छापणं हा तेव्हा परीक्षेचाच भाग होता. आज उलट आहे. आपल्याकडचे प्रबंध गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतात. तेव्हा प्रकाशकाचा रोकडा प्रश्न असतो: जे फुकट मिळतं ते लोकांनी विकत का घ्यावं? प्रबंधापेक्षा पुस्तक कुठे आणि किती वेगळं आहे, हे प्रपोजलमध्ये स्पष्ट लिहावं लागतं ते यासाठी.

पुढचं सगळं नीट कळावं म्हणून एक प्रबंध मनाशी धरू. तो काल्पनिक आहे, पण असे प्रबंध इतिहास विभागाच्या कपाटात पुष्कळ सापडतील. विषय: ब्रिटिशकाळातल्या सोलापूरच्या कापडगिरण्यांमधले कामगार. त्यात एक भाग सेटलमेंटचा. गुन्हेगार जमाती कायद्याखाली ज्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला गेला, त्यांतल्या लोकांना सोलापुरात कुंपणाआड वसवलं गेलं होतं आणि त्यांतले बरेच जण गिरण्यांत कामाला जात. शहरातल्या त्या भागाला आजही सेटलमेंट म्हणतात.

प्रबंधाची मांडणी नेहमीची. पहिल्या प्रकरणात विषयाची निवड, गृहीतकं, व्याप्ती आणि मर्यादा, संशोधनपद्धती. दुसऱ्यात पूर्वसंशोधनाचा आढावा. तिसऱ्यात सोलापूरची भौगोलिक व ऐतिहासिक पार्श्वभूमी, थेट प्राचीन काळापासून. मग गिरण्यांचा उदय, कामगारांची सामाजिक स्थिती, सेटलमेंट, संप आणि संघटना, शेवटी निष्कर्ष व शिफारशी. सात वर्षं खपून लिहिलेलं, 1,20,000 शब्दांचं हे काम परीक्षेसाठी बिनचूक आहे. या माणसाला संशोधन करता येतं का, आधीचं वाचलंय का, साधनं तपासलीत का, एवढंच परीक्षक बघतो आणि या मांडणीतून त्याला ते कळतं. वाचकाला मात्र लेखकाची परीक्षा घ्यायची नसते. तुम्हाला काय सापडलं, एवढंच त्याला ऐकायचं असतं.

आणि सापडलेलं असतं, पण पुरलेलं असतं. आपल्या प्रबंधात ते पान 243 वर, सहाव्या प्रकरणाच्या मधोमध आहे. मुंबईच्या पुराभिलेखागारातल्या एका फायलीत गिरणीच्या मॅनेजरची सेटलमेंटच्या अधिकाऱ्याला लिहिलेली पत्रं संशोधकाला मिळाली आहेत. पाळीला माणसं वेळेवर पोचावीत म्हणून हजेरीची वेळ बदला, अशी त्यांत मागणी आहे. म्हणजे पोलिसी हजेरी आणि गिरणीची पाळी या दोन गोष्टी एकमेकींत गुंतल्या होत्या. संशोधकाने हे एका परिच्छेदात उरकलं आहे, कारण त्या प्रकरणाचा विषय ‘सेटलमेंटची स्थापना व रचना’ असा होता.

प्रपोजल लिहायचं ते प्रकरणं हलवण्याच्या आधी, कारण त्याच्या पहिल्या दोन पानांत हाच परिच्छेद पुढे ओढावा लागतो. ‘हे पुस्तक सोलापूरच्या गिरणी कामगारांचा अभ्यास करते’ या वाक्याने संपादकाच्या हाती काहीच लागत नाही. विषय सांगितला, म्हणणं सांगितलं नाही. त्याऐवजी असं लिहून पाहा: ‘गिरणीतली शिस्त फक्त मालकांनी बसवली असं आपण मानतो. सोलापुरात ती पोलिसांच्या हजेरीपटावर उभी होती, आणि म्हणून तिथल्या कामगार चळवळीला कुंपणाआडच्या माणसांशी जुळवून घेता आलं नाही.’ याच्याशी कुणी वाद घालू शकतो, आणि पुस्तकाला तेच हवं. ही दोन वाक्यं सुचायला कधी कधी महिना लागतो. मार्गदर्शकाला विचारून ती सहसा सुचत नाहीत, कारण तो प्रबंधाच्या इतका जवळ असतो की त्याला सगळीच पानं सारखी महत्त्वाची वाटतात. विषयाबाहेरच्या मित्राला चहाच्या टपरीवर पाच मिनिटांत सांगून बघावं. तो ज्या ठिकाणी ‘काय सांगतोस!’ म्हणेल, तिथे बहुधा पुस्तक असतं.

प्रपोजलमध्ये मग प्रत्येक प्रकरणाचा पानभर सारांश येतो, शब्दसंख्या येते, चित्रं आणि नकाशे किती, हस्तलिखित कधी देणार, वाचक कोण, हेही येतं. ‘अभ्यासक, विद्यार्थी व सर्वसामान्य वाचक’ असं लिहिलं की संपादक ओळखतो, लेखकाने विचारच केलेला नाही. कामगार इतिहासाच्या आणि विमुक्त जमातींवरच्या अभ्यासक्रमांत एखादं प्रकरण लावता येईल, असं म्हटलं तर त्याला विक्रीचा अंदाज बांधता येतो.

सगळ्यांत जास्त गोंधळ होतो तो जवळच्या पुस्तकांबद्दल लिहिताना. काही जण ‘या विषयावर आजवर एकही पुस्तक नाही’ असं अभिमानाने लिहितात. संपादक त्याचा अर्थ काढतो की विषयाला वाचकच नसावेत. दुसरे काही जण आढाव्यातली साठ नावं उतरवतात. तीन-चार पुस्तकं पुरेत, पण नेमकी. आपल्या उदाहरणात राजनारायण चंदावरकरांचं मुंबईच्या गिरण्यांवरचं पुस्तक येईल, केंब्रिजने 1994 मध्ये काढलेलं. मीना राधाकृष्ण यांचं ‘डिसऑनर्ड बाय हिस्टरी’ येईल, गुन्हेगार ठरवलेल्या जमातींवरचं, मुख्यतः मद्रास इलाख्यातलं, 2001 सालचं. पहिल्याच्या केंद्रस्थानी मुंबईची गिरणी आणि कामगारवस्ती, दुसऱ्याच्या केंद्रस्थानी गुन्हेगारीचा शिक्का. आपलं पुस्तक हे दोन्ही एका शहरात समोरासमोर आणतं. जागा दाखवायची ती अशी, आधीच्यांना खोटं न पाडता.

आता प्रकरणं. प्रबंध साधनांच्या किंवा विषयांच्या कप्प्यांत मांडलेला असतो. पुस्तकात प्रत्येक प्रकरणाने म्हणणं एक पाऊल पुढे न्यायचं असतं. म्हणून नुसती काटछाट करून भागत नाही, कप्पे मोडावे लागतात. आपल्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण आता हजेरीवर असेल. दुसरं मजुरीवर: पैसे कुणाच्या हातात पडत, त्यातून काय कापलं जाई. इथे जुन्या पाचव्या प्रकरणातली वेतनाची कोष्टकं कामाला येतात, पण अठरापैकी तीनच. तिसरं प्रकरण संपांवर. प्रबंधात संपांची तारीखवार जंत्री होती. इथे प्रश्न एकच राहतो, संप झाला त्या दिवशी सेटलमेंटमधला माणूस कुठे होता? चौथं प्रकरण, कायदा 1952 मध्ये देशभर रद्द झाल्यावर शिक्का पुसला गेला का, यावर. हे प्रबंधात नव्हतंच. त्यासाठी पुन्हा सोलापुरात जाऊन मुलाखती घ्याव्या लागतील, मुलाखती देणाऱ्यांची लेखी संमती घ्यावी लागेल. प्रपोजलमधली हस्तलिखिताची तारीख हे सगळं धरून द्यावी, उत्साहाच्या भरात नव्हे.

आणि जुनं दुसरं प्रकरण, पूर्वसंशोधनाचा आढावा? ते जातं. लोकांना याचंच सर्वांत जास्त दुःख होतं, कारण त्यावर दोन वर्षं गेलेली असतात. त्यातला जो वाद आपल्या म्हणण्याला भिडतो तो प्रस्तावनेत तीन-चार पानांत येतो, काही भाग तळटीपांत जातो, उरलेलं शोधगंगेवर आहेच. सोलापूरच्या प्राचीन इतिहासाचंही तेच. गृहीतकं आणि शिफारशी पुसून टाकाव्या. शब्दसंख्या 80,000 ते 1,00,000 च्या दरम्यान आणावी, तळटीपा आणि संदर्भसूची धरून. त्याहून जाड पुस्तकाची किंमत वाढते आणि ग्रंथालयंही हात आखडता घेतात.

भाषेचं एक जवळून पाहू. प्रबंधात सहावं प्रकरण असं सुरू होत होतं: ‘प्रस्तुत प्रकरणात सोलापूर येथील सेटलमेंटची स्थापना, रचना व तेथील रहिवाशांच्या रोजगाराचे स्वरूप यांचा अभ्यास करण्यात आला असून त्यासाठी प्राथमिक व दुय्यम साधनांचा वापर करण्यात आला आहे.’ पुस्तकाचं पहिलं प्रकरण असं सुरू होईल: ‘सकाळची हजेरी झाल्याशिवाय सेटलमेंटमधल्या माणसाला कुंपणाबाहेर पडता येत नसे. गिरणीचा भोंगा त्याआधीच होई. मॅनेजरने अधिकाऱ्याला पत्र लिहिलं. भोंगा होता तिथेच राहिला, हजेरी अलीकडे आली.’ माहिती तीच, फाइल तीच. ‘करण्यात आला आहे’मागे दडलेला लेखक बाहेर आला आणि पत्र कुणी कुणाला लिहिलं हे कळलं, इतकंच.

प्रपोजल एकाच वेळी दोन-तीन प्रकाशकांना पाठवलं तर चालतं, मात्र तसं पत्रात सांगावं. पूर्ण हस्तलिखित तपासायला घेतलं की बहुतेक प्रकाशकांची अपेक्षा असते, ते दुसरीकडे जाऊ नये. मराठी प्रकाशकांकडे ही लिखापढी बहुधा इतकी औपचारिक नसते, तरी प्रपोजल लिहून न्यावं, बोलणं सोपं जातं. एका जातीच्या प्रकाशकांपासून मात्र जपावं. पदवी जाहीर होताच ते स्वतःहून ई-मेल करतात, ‘आपला मौलिक प्रबंध आहे तसा’ छापायची तयारी दाखवतात, आठवड्यात होकार देतात, वर लेखकाकडूनच पैसे किंवा प्रतींची खरेदी मागतात. हस्तलिखित कोण तपासणार, असं त्यांना विचारावं. उत्तर आलं नाही की समजावं.

चांगल्या प्रकाशकाकडे प्रपोजल आणि नमुना प्रकरणं दोन जाणकारांकडे जातात. लेखकाला त्यांची नावं कळत नाहीत. अहवाल यायला तीन-चार महिने सहज लागतात. आपल्या पुस्तकाबद्दल एक जण म्हणेल, मुंबई आणि अहमदाबादशी तुलना हवी. दुसरा म्हणेल, एकाच शहरात राहण्यात या कामाचं बळ आहे, फाटे फोडू नका. नवा लेखक इथे गांगरतो आणि दोघांनाही ‘होय’ म्हणून टाकतो. पण संपादकाला लेखकाकडून दोन-तीन पानांचं उत्तर हवं असतं: कोणती सूचना घेतली, कोणत्या प्रकरणात, त्याने किती शब्द वाढतील, कोणती घेतली नाही आणि का. तुलना प्रस्तावनेत पाच पानांत करतो, स्वतंत्र प्रकरण करत नाही, कारण अहमदाबादची साधनं मी पाहिलेली नाहीत, हे उत्तर चालतं. विद्यापीठांच्या प्रकाशनांत अंतिम निर्णय प्राध्यापकांच्या समितीकडे असतो, केंब्रिजमध्ये तिच्या सदस्यांना सिंडिक म्हणतात, ऑक्सफर्डमध्ये डेलिगेट. त्यांच्यापुढे प्रामुख्याने प्रपोजल, दोन्ही अहवाल आणि लेखकाचं हे उत्तर ठेवलं जातं, आणि कराराचा कौल त्यांवर लागतो.