ॲट्राझिनच्या झिरप्याचा हिशेब

मक्याच्या पेरणीनंतर, तण उगवण्यापूर्वी, जमिनीवर फवारलेले ॲट्राझिन हे तणनाशक पुढच्या पावसात दोन गोष्टींमध्ये अडकते: एकीकडे मातीचे कण ते धरून ठेवू पाहतात आणि दुसरीकडे निचऱ्याचे पाणी ते खाली ओढू पाहते. या काळात जमिनीतील सूक्ष्मजीव त्याचे विघटन करत असतात. ते भूजलापर्यंत पोचण्याची शक्यता किती, याचा अंदाज बांधताना पहिल्या प्रक्रियेसाठी अधिशोषण गुणांक, तिसऱ्या प्रक्रियेसाठी अर्धायुकाल म्हणजे द्रव्य निम्मे होण्यास लागणारा काळ, आणि या दोहोंना विशिष्ट शेताशी जोडण्यासाठी तेथील मातीचा सेंद्रिय कर्ब विचारात घेतला जातो.

अधिशोषण गुणांक प्रयोगशाळेत मोजतात. ठरावीक वजनाची माती कॅल्शियम क्लोराइडच्या सौम्य द्रावणात ॲट्राझिनबरोबर समतोल होईपर्यंत हलवत ठेवली जाते, मग अपकेंद्री यंत्रात माती खाली बसवून वरच्या द्रावणात किती द्रव्य उरले ते पाहिले जाते. मातीला चिकटलेल्या आणि पाण्यात उरलेल्या प्रमाणांचे गुणोत्तर म्हणजे Kd. हा आकडा मातीगणिक बदलतो. मात्र ॲट्राझिनसारखी विद्युतभाररहित द्रव्ये मुख्यतः सेंद्रिय अंशाला चिकटत असल्यामुळे, Kd ला मातीतील सेंद्रिय कर्बाच्या अंशाने भागले की बहुतेक मातींना साधारण लागू पडणारा Koc मिळतो. संदर्भसूचींमध्ये ॲट्राझिनसाठी Koc सुमारे 100 लिटर प्रति किलो आणि अर्धायुकाल सुमारे 60 दिवस हे आकडे बराच काळ वापरले गेले आहेत.

एवढ्या दोन आकड्यांवरून पहिली चाळणी लावता येते. डेव्हिड गुस्ताफसन यांनी 1989 मध्ये मांडलेला निर्देशांक असा आहे:

```
GUS = log10(t½) × (4 − log10(Koc))
```

ॲट्राझिनसाठी तो 1.78 × 2, म्हणजे 3.56 येतो. 2.8 च्या वरची द्रव्ये झिरपणारी, 1.8 च्या खालची न झिरपणारी आणि मधली संदिग्ध मानली जातात; म्हणून ॲट्राझिन स्पष्टपणे पहिल्या गटात पडते. क्लोरपायरिफॉसचा Koc हजारांच्या घरात असल्याने त्याचा निर्देशांक 1.8 च्या बराच खाली राहतो. पण या सूत्रात जमिनीसाठी जागाच नाही: नदीकाठच्या खोल काळ्या जमिनीला आणि डोंगरउतारावरच्या मुरमाड जमिनीला ते एकच उत्तर देते. द्रव्यांची आपसांत तुलना करण्यास ते पुरेसे आहे, पण एखाद्या शेताबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

शेताचा विचार करायचा तर द्रव्य पाण्याच्या तुलनेत किती मागे पडते, हे आधी काढावे लागते. त्यासाठी Koc ला सेंद्रिय कर्बाच्या अंशाने गुणून त्या जमिनीचा Kd मिळवतात, त्याला मातीच्या स्थूल घनतेने गुणून जलधारणक्षमतेने भागतात आणि त्यात 1 मिळवतात. या आकड्याला विलंबांक म्हणता येईल. उदाहरण म्हणून 30 सेंटिमीटर खोलीची हलकी जमीन घ्यावी, जिची स्थूल घनता 1.5, जलधारणक्षमता आकारमानाच्या 20 टक्के आणि सेंद्रिय कर्ब 0.3 टक्के आहे. येथे Kd 0.3 आणि विलंबांक 3.25 येतो. माती स्वतः 60 मिलिमीटर पाणी धरून ठेवत असल्याने, द्रव्याला तळापर्यंत नेण्यास त्याच्या सव्वातीन पट, म्हणजे 195 मिलिमीटर पाणी या थरातून निचरून जावे लागते.

राव, हॉर्न्सबी आणि जेसप यांनी 1985 मध्ये सुचवलेल्या पद्धतीत या प्रवासकाळाची अर्धायुकालाशी सांगड घालून तळाशी किती अंश पोचेल ते काढले जाते. आपल्याकडे अडचण येते ती पाण्याच्या वेगाची. या शेतातून वर्षाला 250 मिलिमीटर निचरा होतो असे गृहीत धरून तो 365 दिवसांवर समान वाटला, तर 195 मिलिमीटर निचरण्यास सुमारे 285 दिवस लागतात. तेवढ्या काळात पावणेपाचच्या आसपास अर्धायुकाल उलटतात आणि 3.7 टक्के द्रव्य तळाशी पोचते. प्रत्यक्षात हा निचरा पावसाळ्याच्या सुमारे 120 दिवसांत होतो आणि फवारणीही त्याच्या आरंभीच होते. त्या वेगाने प्रवास 94 दिवसांत संपतो, दीडच्या थोडे वर अर्धायुकाल उलटतात आणि तब्बल 34 टक्के द्रव्य खाली जाते. वार्षिक सरासरीने धोका नऊपट कमी दाखवला, असा याचा अर्थ.

आता याच जमिनीचा सेंद्रिय कर्ब 0.5 टक्के मानला, तर विलंबांक 4.75 होतो आणि लागणारे पाणी 285 मिलिमीटरवर जाते. यंदाचा निचरा 250 मिलिमीटर असल्यामुळे द्रव्य तळाच्या अलीकडेच थांबते, उरलेल्या 35 मिलिमीटरसाठी पुढच्या पावसाळ्याची वाट पाहते आणि सुमारे 380 दिवसांच्या प्रवासाअखेर जेमतेम 1.2 टक्के उरते. म्हणून मोसमी पावसाच्या प्रदेशात विचारायचा प्रश्न असा की, द्रव्याला लागणारे पाणी एका हंगामाच्या निचऱ्याहून कमी आहे की जास्त. या उदाहरणात ती सीमा 0.42 टक्के कर्बाजवळ पडते. अर्थात खऱ्या जमिनीत द्रव्याचा पट्टा पसरट होतो, काही भाग पुढे धावतो आणि काही मागे रेंगाळतो, त्यामुळे ही सीमा गणितातल्याइतकी धारदार नसते.

हे आकडे पाण्याच्या मानकाशी ताडून पाहता येतात. भारतीय मानक आयएस 10500 पिण्याच्या पाण्यात ॲट्राझिनची मर्यादा लिटरमागे 2 मायक्रोग्रॅम ठेवते. 250 मिलिमीटर निचरा म्हणजे हेक्टरी 25 लाख लिटर पाणी. एक किलो क्रियाशील घटक फवारला असेल, तर त्यातील केवळ 5 ग्रॅम, म्हणजे अर्धा टक्का, हे पाणी मर्यादेपर्यंत नेण्यास पुरतात. खालच्या खडकात पुढे विघटन होते आणि विहिरीत इतर पाणी मिसळते, म्हणून ही तुलना मातीच्या तळाशी निघणाऱ्या पाण्यापुरतीच घ्यावी.

कर्बाची 0.42 टक्क्यांची सीमा एवढी जवळ असल्याने मोजणीतील साधी गफलत निष्कर्ष उलटवू शकते. सेंद्रिय कर्ब वॉकली-ब्लॅक पद्धतीने काढतात. अहवालात कधी कर्ब, तर कधी त्याला 1.724 ने गुणून सेंद्रिय पदार्थ दिलेला असतो. 0.3 टक्के कर्बाच्या जमिनीचा सेंद्रिय पदार्थ 0.52 टक्के येतो आणि तो आकडा कर्ब समजून सूत्रात घातला, तर धोक्याची जमीन कागदावर कमी धोक्याची ठरते. अर्धायुकालही स्थिर नसतो: जिथे ॲट्राझिन वर्षानुवर्षे वापरले जाते, तिथे ते पचवणारे जीवाणू वाढून तो बराच घटू शकतो. 15 दिवस धरल्यास 34 टक्क्यांचे 1.3 टक्के होतात. उलट कमी कर्बाच्या खोल थरांत सूक्ष्मजीव विरळ असल्याने तोच काळ लांबतो.

दोन ठिकाणी मात्र हे गणित मुळातच लागू पडत नाही. ग्लायफोसेट मुख्यतः लोह व ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांना चिकटते, त्यामुळे त्याला सेंद्रिय कर्बाच्या मापाने मोजणे फसवे ठरते. आणि काळ्या जमिनीत उन्हाळ्यात पडलेल्या भेगांतून पहिल्या जोरदार पावसाचे पाणी मातीशी समतोल साधण्याआधीच खाली उतरते. उथळ विहिरीच्या नमुन्यात फवारणीनंतर काही दिवसांतच द्रव्य दिसले, तर हा मार्ग तपासावा लागतो. तिथे कर्बाचा आकडा कितीही अचूक असला तरी तो उत्तर देत नाही.