बाटली किती, थेंब किती?

उलट्या-जुलाबाने मलूल झालेले कुत्रे दवाखान्यात आणले की मालकाचे पहिले वाक्य बहुतेक वेळा ठरलेले असते, "डॉक्टर, एक सलाईन लावून टाका." मग ५०० मिलीची बाटली स्टँडला लागते, दोन तासांत संपते आणि कुत्रे घरी जाते. त्या बाटलीने किती भागले, हा प्रश्न मालक विचारत नाही. पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्याने मात्र तो बाटली लावण्याआधीच स्वतःला विचारायचा असतो. त्याचे उत्तर तीन आकड्यांत मिळते. अंगातले किती पाणी आधीच गेले ती तूट, चोवीस तास जगायला लागणारी रोजची गरज आणि उपचार चालू असतानाही होत राहणारी गळती. परीक्षेत यांनाच डेफिसिट, मेंटेनन्स आणि ऑनगोइंग लॉसेस म्हणतात.

उदाहरणापुरती एक देशी कुत्री घेऊ. वय दीड वर्ष, काट्यावर वजन १२ किलो. दोन दिवस उलट्या, काल रात्रीपासून पातळ जुलाब, अन्नाला तोंड लावलेले नाही. हिरड्यांना बोट लावले तर ओलसर न लागता चिकट लागतात. खांद्यांमधली कातडी चिमटीत धरून सोडली की पटकन बसत नाही, सावकाश खाली येते. डोळे किंचित खोल गेलेले. नाडी मात्र भरलेली आहे आणि पाय गरम आहेत. या खुणा ८ टक्के निर्जलीकरणाकडे बोट दाखवतात. ५ टक्क्यांच्या आत असेल तर तपासणीत काहीच सापडत नाही, तेव्हा फक्त मालकाच्या सांगण्यावर विसंबावे लागते. १० ते १२ टक्क्यांना उचललेली कातडी तशीच उभी राहते, आणि त्यापुढे जीव धोक्यात असतो.

तुटीचा हिशोब तिसरीतल्या मुलालाही जमेल. वजन गुणिले टक्के, म्हणजे १२ किलोचे ८ टक्के, ०.९६ किलो. एक किलो पाणी म्हणजे एक लिटर, तेव्हा तूट ९६० मिली.

गुणाकार सोपा, पण त्यातली टक्केवारी बोटांनी ठरवलेली आहे, आणि बोटे फसतात. लठ्ठ कुत्र्याच्या कातडीखालची चरबी तिला ताण देते, त्यामुळे पाणी कमी झालेले असूनही कातडी झटकन बसते. हडकुळ्या किंवा म्हाताऱ्या कुत्र्याची कातडी पाणी पुरेसे असतानाही सैल राहते. पिल्लांच्या बाबतीत तर एकट्या कातडीवर भरवसा ठेवूच नये. उलट्या होत असल्या की मळमळीने तोंडात लाळ साचते आणि कोरडी असायला हवी ती हिरडी ओली लागते. एकच प्राणी दोघांनी तपासला तर एक जण ७ टक्के म्हणतो, दुसरा १०. म्हणून लसीकरणाच्या कार्डावर आठवड्यापूर्वीचे वजन मिळाले तर ते टक्केवारीपेक्षा मोलाचे. तिथे १३ किलो लिहिले असेल आणि आज काटा १२ दाखवत असेल, तर तूट साधारण एक लिटर. दोन दिवसांत कुत्र्याचे मांस एक किलोने झडत नाही, गेले ते बहुतांशी पाणीच.

इथे एक खाचखळगा आहे. कातडी आणि हिरडी सांगतात ती पेशींच्या सभोवतालच्या पाण्याची स्थिती. रक्तवाहिन्यांत रक्त पुरेसे आहे की नाही, ते सांगते नाडी, पायांची ऊब आणि हिरडी दाबून सोडल्यावर तिचा रंग परत यायला लागणारा वेळ. नाडी धाग्यासारखी लागत असेल आणि पाय गार पडले असतील तर टक्केवारीचे गणित बाजूला ठेवावे. तेव्हा आधी किलोमागे १५ ते २० मिली द्रव १५ ते ३० मिनिटांत द्यायचा, पुन्हा तपासायचे आणि गरज असेल तर परत द्यायचा. आपल्या कुत्रीसाठी हा पहिला हप्ता १८० ते २४० मिली झाला असता. तिची नाडी चांगली आहे, म्हणून ती पायरी लागत नाही.

रोजच्या गरजेवर वर्गात सर्वांत जास्त वाद होतो, कारण पुस्तकागणिक सूत्र बदलते. किलोमागे दिवसाला ६० मिली धरले तर १२ किलोला ७२० मिली. वजनाला ३० ने गुणून त्यात ७० मिळवा, असे दुसरे सूत्र सांगते, त्याने ४३० मिली येतात. वजनाचा ०.७५ घात घेऊन १३२ ने गुणले की सुमारे ८५० मिली. सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा आकडा यांत जवळजवळ दुपटीचा फरक! त्याचे मूळ बालरोगशास्त्रात सापडते. १९५७ साली माल्कम हॉलिडे आणि विल्यम सेगर या अमेरिकन बालरोगतज्ज्ञांनी मुलांची पाण्याची गरज त्यांच्या खर्च होणाऱ्या उष्मांकांवरून मांडली. दर १०० उष्मांकांना १०० मिली पाणी, असे त्यांचे गणित. प्राण्यांसाठीही हाच धागा धरला गेला. ३० आणि ७० वाले सूत्र मुळात स्वस्थ पडून राहिलेल्या जनावराचे उष्मांक सांगते, तर १३२ वाले हिंडत्या-फिरत्या कुत्र्याच्या खर्चाच्या जवळ जाते. दोन्हींत खोटे काही नाही, प्रश्न वेगळे आहेत. विद्यार्थ्याने एक सूत्र निवडावे, ते केसपेपरवर लिहावे आणि मग नजर कुत्र्यावर ठेवावी. आपण ६० मिलीचे सूत्र घेऊ. गरज ७२० मिली.

तिसरा आकडा सर्वांत दुर्लक्षित. उलटी किती झाली याचा अंदाज डोळ्यांनी घेतला तर तो हमखास चुकतो, कारण फरशीवर पसरलेले पाणी भांड्यातल्या पाण्याहून जास्त दिसते आणि चादरीत मुरलेले तर दिसतच नाही. उपाय साधा आहे. पिंजऱ्यात अंथरायचा अंडरपॅड आधी कोरडा तोलायचा, घाण झाल्यावर पुन्हा तोलायचा. कोरडा ३५ ग्रॅम होता, आता ९५ भरला, म्हणजे ६० मिली गेले. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा या कामाला पुरतो, फक्त तो नंतर स्वयंपाकघरात परत नेऊ नये. पहिल्या दिवशी मोजमाप हाती नसते, म्हणून अंदाज धरावा लागतो. आपल्या कुत्रीच्या पाच उलट्यांचे प्रत्येकी ४० आणि चार जुलाबांचे प्रत्येकी ५० मिली धरले तर ४०० मिली.

आता बेरीज करू. ९६०, ७२० आणि ४०० मिळून २०८० मिली. दोन तासांत संपलेली ती एक बाटली या गरजेच्या चौथ्या हिश्श्याएवढी भरते. पण म्हणून चार बाटल्या घाईघाईने सोडणेही तितकेच चुकीचे, कारण या तीन आकड्यांचे वेळापत्रक एक नाही. गरज आणि गळती चोवीस तासांवर पसरलेली असते. तूट मात्र लवकर फेडलेली बरी, बहुधा १२ ते २४ तासांत. आपण १२ तास धरू. पहिल्या बारा तासांत तुटीचे ताशी ८०, गरजेचे ३० आणि गळतीचे १७, असे ताशी १२७ मिली. नंतरच्या बारा तासांत ताशी ४७ मिली.

इन्फ्युजन पंप असेल तर हे आकडे तसेच टाकता येतात. नसेल तर थेंब मोजायचे. ड्रिप सेटच्या पाकिटावर एका मिलीत किती थेंब ते छापलेले असते. नेहमीच्या सेटला बरेचदा २०, मायक्रोड्रिपला ६०. वीसच्या सेटवर ताशी मिलीला तीनने भागले की मिनिटाचे थेंब मिळतात. म्हणजे आधी ४२ थेंब, नंतर १६. घड्याळ समोर धरून पंधरा सेकंद मोजावे, दहा-अकरा थेंब पडले की चाक बरोबर बसले. कुत्रीने पुढचा पाय दुमडला की धार थांबते आणि सरळ केला की सुटते, म्हणून ही मोजणी तासातासाला पुन्हा करावी लागते.

बाटलीत काय, हेही हिशोबाचाच भाग आहे. तूट भरायला रिंगर लॅक्टेटसारखा द्रव हवा, ज्यातले क्षार रक्ताच्या जवळचे असतात. "अशक्तपणा आलाय, ग्लुकोज चढवा" हा आग्रह मोडून काढावा. ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या ५०० मिलीत साखर जेमतेम २५ ग्रॅम. ती पेशींनी वापरली की मागे उरते निव्वळ पाणी, आणि त्याचा मारा झाला तर रक्तातले सोडियम उतरते. उलट्या-जुलाबांत पोटॅशियमही जाते, ते मोजून द्यावे लागते. बाजारात मिळणाऱ्या १० मिलीच्या पोटॅशियम क्लोराइडच्या अँप्युलमध्ये बहुधा २० मिलीइक्विव्हॅलंट असतात. लघवी होते आहे याची खात्री झाल्यावरच ते मिसळावे, बाटली उलटीसुलटी करून नीट ढवळावी आणि वर ठळक लिहून ठेवावे. तासाला किलोमागे अर्ध्या मिलीइक्विव्हॅलंटच्या वर वेग गेला की हृदयाची लय बिघडू शकते. पोटॅशियमची बाटली जोरात सोडून रिकामी करणे म्हणजे जिवाशी खेळ.

द्रव जास्त झाल्याची खूण आधी श्वासात दिसते. झोपेतल्या कुत्रीचे श्वास मिनिटाला २४ होते ते ४० झाले, नाकातून पातळ पाणी आले, डोळ्याचे पांढरे फुगल्यासारखे दिसू लागले, तर ड्रिप आधी बंद करायची आणि मग कारण शोधायचे. कमी पडत असल्याची खूण लघवीत दिसते. द्रव पुरेसा असेल तर तासाला किलोमागे एक ते दोन मिली लघवी व्हावी, म्हणजे आपल्या कुत्रीची ताशी १२ ते २४ मिली.

शेवटचा निवाडा काट्याचा. तूट पूर्ण भरली तर चोवीस तासांनी वजन जवळजवळ १३ किलो दिसायला हवे. समजा, ते १२.७ भरले. अंडरपॅड तोलले तर गळती ४०० नव्हे, ६१० मिली झालेली निघाली. म्हणजे २१० मिली कमी पडले, उरलेला थोडा फरक दिवसभराच्या उपासाचा. आता उलट्या थांबल्या आहेत आणि जुलाब कमी झाले आहेत, म्हणून पुढच्या गळतीचा अंदाज ३०० मिली. दुसऱ्या दिवसाचा हिशोब असा होतो. उरलेली तूट २१०, गरज ७२०, गळती ३००, एकूण १२३० मिली, ताशी ५१, मिनिटाला १७ थेंब. कुत्री पाणी पिऊन पोटात ठेवू लागली की तेवढे मिली यातून वजा करावेत आणि ड्रिप एकदम न काढता हळूहळू कमी करत जावी. केसपेपरवर कालचेच आकडे आज पुन्हा उतरवलेले दिसले, तर त्या दिवशी कुत्री कोणी तपासली नाही असे खुशाल समजावे.