एक्क्यांची जोडी कधी टाकून द्यायची? पोकर स्पर्धेतल्या बक्षिसांचं गणित

विषय पोकरचा आहे, पण मी तुम्हाला पोकर शिकवणार नाही. एकाच प्रश्नाचं उत्तर शोधायचं आहे. पोकरमध्ये सुरुवातीला हातात येऊ शकणाऱ्या दोन पानांत सगळ्यात भारी काय, तर एक्क्यांची जोडी. समोरच्याने कुठलीही दोन पानं धरलेली असोत, एक्के त्यांना शंभरातून साधारण पंच्याऐंशी वेळा हरवतात. तरीही एक प्रसंग असा येतो की समोरचा आपल्या सगळ्या चिप्स पुढे ढकलतो, आपल्या हातात एक्के असतात, आणि शहाणा खेळाडू ते मुकाट्याने टाकून देतो. का? भित्रेपणा म्हणून नाही. हिशोबच तसा निघतो.

त्यासाठी आधी स्पर्धा कशी बांधलेली असते ते बघू. घरी चार मित्र पैसे लावून खेळतात तेव्हा शंभर रुपयांची चिप म्हणजे शंभर रुपये. कधीही उठा, चिप्स द्या, पैसे घ्या. स्पर्धेत तसं नसतं. तुम्ही ठरलेली प्रवेश फी भरता, म्हणजे बाय-इन, आणि सगळ्यांना सारख्या चिप्स मिळतात. त्या चिप्स बाहेर कुठेही चालत नाहीत. त्या संपल्या की तुम्ही बाहेर. शेवटपर्यंत टिकला तो पहिला, त्याच्या आधी गेला तो दुसरा. बक्षीस मिळतं ते क्रमांकाला.

आणि नुसतं बसून राहता येऊ नये म्हणून ब्लाइंड असतात. प्रत्येक डावात दोघांना पानं बघण्याआधीच ठरलेल्या चिप्स टाकाव्या लागतात, स्मॉल ब्लाइंड आणि बिग ब्लाइंड, आणि ही रक्कम ठराविक वेळाने वाढत जाते. पाळी टेबलाभोवती फिरते, त्यामुळे कोणीही सुटत नाही. थांबायला भाडं पडतं असं म्हणा.

आता पहिलं उदाहरण. चाळीस जण, प्रत्येकी २,५०० रुपये, म्हणजे एक लाख जमले. प्रत्येकाला ५,००० चिप्स, एकूण दोन लाख चिप्स. पहिल्याला ५०,००० रुपये, दुसऱ्याला ३०,०००, तिसऱ्याला २०,०००. बाकी सगळे रिकाम्या हाताने घरी. खेळता खेळता चौघं उरलेत आणि चौघांकडे बरोबर पन्नास-पन्नास हजार चिप्स आहेत. बक्षिसं तीन, माणसं चार. या टप्प्याला बबल म्हणतात. आता जो फुटेल त्याला काहीच नाही.

या क्षणी तुमच्या चिप्सची किंमत किती? चौघं सारखे, म्हणून लाखाचे चार भाग, प्रत्येकी २५,००० रुपये. इथपर्यंत सोपं आहे. आता एकाने ऑल-इन केलं, म्हणजे सगळ्या चिप्स लावल्या, आणि तुम्ही स्वीकारलं. हरलात तर शून्य. जिंकलात तर तुमच्याकडे एक लाख चिप्स, बाकी दोघांकडे पन्नास-पन्नास हजार. चिप्स दुप्पट झाल्या, मग किंमतही दुप्पट, ५०,००० रुपये?

नाही. ५०,००० हे तर पहिलं बक्षीस आहे, आणि तुम्ही अजून पहिले आलेले नाही. नीट मोजू. निम्म्या चिप्स तुमच्याकडे, म्हणून पहिलं येण्याची शक्यता निम्मी धरू. त्याचे झाले २५,०००. उरलेल्या निम्म्या वेळी दुसराच कोणी जिंकतो. त्याला बाजूला काढलं तर राहिलेल्या दीड लाखांतल्या एक लाख चिप्स तुमच्या, म्हणजे त्यातल्या दोन-तृतीयांश वेळा तुम्ही दुसरे. एकूण एक-तृतीयांश. त्याचे १०,०००. राहिली एक-षष्ठांश शक्यता तिसऱ्या क्रमांकाची, तिचे साधारण ३,३३३. बेरीज ३८,३३३ रुपये.

म्हणजे चिप्स दुप्पट झाल्या, पण किंमत २५,००० वरून ५०,००० ऐवजी ३८,३३३ झाली. मग जो बाहेर गेला त्याचे २५,००० गेले कुठे? तुम्हाला त्यातले १३,३३३ मिळाले. उरलेले ११,६६७ त्या दोघांना, जे नुसते बघत बसले होते! चौथा गेल्याबरोबर त्यांचं तिसरं बक्षीस पक्कं झालं. धोका तुमचा, आणि फायद्यातला जवळजवळ निम्मा वाटा शेजाऱ्यांचा. माझ्या मते आजच्या व्याख्यानातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

आता निर्णयाकडे येऊ. ब्लाइंडचे थोडे चिप्स सोडून देऊ. पानं टाकलीत तर तुमच्याकडे २५,००० आहेतच. स्वीकारलंत तर ३८,३३३ किंवा शून्य. बरोबरी व्हायला २५,००० भागिले ३८,३३३, म्हणजे साधारण ६५ टक्के वेळा जिंकायला हवं. नुसत्या चिप्सच्या हिशोबात ५० टक्के पुरले असते. या दोन आकड्यांतला फरक म्हणजे बक्षिसाच्या उडीची किंमत.

या मोजणीच्या पद्धतीला आयसीएम म्हणतात. तिचं मूळ घोड्यांच्या शर्यतीत आहे. १९७३ साली डेव्हिड हार्विल यांनी असा विचार मांडला की प्रत्येक घोड्याची पहिलं येण्याची शक्यता माहीत असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या शक्यता कशा काढायच्या. पुढे १९८०च्या दशकात मेसन माल्मुथ यांनी तीच रीत पोकरच्या चिप्सना लावली.

आता सॅटेलाइट. मोठ्या स्पर्धेची फी परवडत नाही, म्हणून लहान फीची स्पर्धा, आणि तिचं बक्षीस म्हणजे मोठ्या स्पर्धेचं तिकीट. लास व्हेगासच्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेची फी १०,००० डॉलर. १९८३ साली टॉम मॅकेव्हॉय सॅटेलाइटमधून आले आणि ती स्पर्धा जिंकले. २००३ मध्ये ख्रिस मनीमेकर हे अकाउंटंट ८६ डॉलरच्या ऑनलाइन सॅटेलाइटपासून सुरुवात करून तिथे पोचले, ८३९ खेळाडूंमध्ये पहिले आले आणि २५ लाख डॉलर घेऊन गेले. त्यानंतर सॅटेलाइट घराघरांत पोचलं.

पण सॅटेलाइटचा एक नियम सगळं उलटं करतो. तिथे सगळी बक्षिसं सारखी असतात. तीन तिकिटं असतील तर पहिल्या तिघांना एकेक. पहिला आलात म्हणून दोन मिळत नाहीत. म्हणजे चौथ्या आणि तिसऱ्या क्रमांकात प्रचंड उडी, आणि तिच्या वर एकही उडी नाही.

दुसरं उदाहरण. चाळीस जण, प्रत्येकी ७५० रुपये. जमले ३०,०००, म्हणजे दहा हजारांची तीन तिकिटं. (आयोजक आपली फी वर वेगळी घेतो, ती इथे धरलेली नाही.) चिप्स तेवढ्याच, दोन लाख. चौघं उरलेत. तुमच्याकडे ७०,०००, दुसऱ्याकडे ७५,०००, तिसऱ्याकडे ५०,०००, आणि चौथ्याकडे फक्त ५,०००. ब्लाइंड ४,००० आणि ८,००० आहेत. बिग ब्लाइंड तुमचा. पहिली पाळी ५,००० वाल्याची होती, त्याने पानं टाकली. ५०,००० वाल्यानेही टाकली. स्मॉल ब्लाइंडवरच्या ७५,००० वाल्याने ऑल-इन केलं. तुम्ही पानं उचलून बघता, तर एक्क्यांची जोडी!

स्वीकारलंत तर काय? समजा समोरच्याकडे कुठलीही पानं असू शकतात. ८५ टक्के वेळा जिंकाल, आणि मग तिकीट जवळजवळ नक्की. १५ टक्के वेळा सगळं गेलं. दहा हजारांच्या तिकिटाचे ८५ टक्के, म्हणजे जास्तीत जास्त ८,५०० रुपये.

टाकलंत तर? ८,००० चिप्स जातील, ६२,००० उरतील. मघाच्याच रीतीने मोजलं तर तुम्ही पहिल्या तिघांत असण्याची शक्यता ९५ टक्क्यांच्या किंचित वर येते, म्हणजे साडेनऊ हजारांहून थोडे जास्त. एक्के खेळलात तर साधारण हजार रुपयांचं नुकसान. तुमची प्रवेश फी होती ७५०! एका 'भारी' हातापायी फीपेक्षा मोठी रक्कम घालवली. आणि शंभरातल्या ८५ वेळा तुम्ही जिंकणारच, त्यामुळे चूक झाली हे कधी कळणारही नाही. निकालावरून निर्णय तपासायला गेलं की असंच फसायला होतं.

खरं तर ९५ हा आकडाही कमीच आहे. आयसीएमला फक्त चिप्स दिसतात. पुढच्या डावात बिग ब्लाइंड कोणाचा, हे त्याला दिसत नाही. तो आहे ५,००० वाल्याचा. त्याला ८,००० द्यायचेत, आहेत पाच. पानं न बघताच त्याच्या सगळ्या चिप्स टेबलावर जाणार. म्हणून बबलवर स्वतःची पानं बघण्याआधी दोन गोष्टी मोजायच्या: सगळ्यात कमी चिप्स कोणाकडे, आणि त्याच्यावर ब्लाइंड किती डावांनी येणार.

आता प्रश्न घेऊ.

श्रोता: सर, मग ७५,००० वाल्याने ऑल-इन केलं ते बरोबर की चूक?

तुम्ही हे गणित जाणता आणि पानं टाकणार, याची त्याला खात्री असेल तर ठीक. पण तुम्ही स्वीकारलंत आणि तो हरला, तर त्याच्याकडे उरतात ५,०००. मिळवायला ८,००० चिप्स, ज्यांची त्याला फारशी गरजच नाही. सॅटेलाइटमध्ये जास्तीच्या चिप्सचं तिकीट होत नाही. साध्या स्पर्धेत मात्र असा दबाव टाकणं फायद्याचं ठरतं, कारण तिथे वरच्या क्रमांकांत उड्या असतात. २००३ च्या त्याच अंतिम टेबलावर तिसऱ्याला साडेसहा लाख डॉलर, दुसऱ्याला तेरा लाख आणि पहिल्याला पंचवीस लाख होते. तिथे चिप्स साठवण्याला अर्थ आहे.

श्रोत्या: आणि ज्याच्याकडे फक्त ५,००० आहेत, त्यानेही थांबायचं का?

त्याची गोष्ट वेगळी. तो थांबू शकतो ते एवढ्याच आशेवर की दोन मोठे एकमेकांना भिडतील. त्याच्यासाठी एक्के स्वीकारणारा माणूस म्हणजे देवदूत! पण या डावात तसं झालं नाही, तर पुढच्या डावात ब्लाइंड त्याला सोडणार नाही. त्याच्या हातात एक्के आले तर त्याने खेळायलाच हवेत. म्हणजे पानं तीच, टेबल तेच, आणि दोघांची उत्तरं उलटी.

श्रोता: हे भारतात कुठे खेळता येतं?

गोव्यातल्या कॅसिनोंमध्ये पोकरच्या स्पर्धा भरत आल्या आहेत. ऑनलाइन पैसे लावून खेळण्यावर मात्र २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आली. पण आजचा हिशोब करायला पैसे लावायची गरज नाही. चार वाट्या शेंगदाणे घ्या, तीन लाडू बक्षीस ठेवा आणि बघा, शेवटच्या चौघांत कोण एक्के टाकतो ते.