आहार, आहान आणि दोन टिंबं

बँकॉक, व्हिएन्तियान, नॉम पेन्ह आणि यांगॉन या चार शहरांतल्या खाणावळींच्या पाट्या शेजारी शेजारी ठेवल्या, तर आपल्याला त्या एकाच हातच्या वाटतात. डोक्यावर शिरोरेषा नाही, शब्दांमध्ये मोकळी जागा जवळपास नाही आणि अक्षरं सगळी गोलगरगरीत. पण पाटी वाचणं वेगळं आणि लिपी ओळखणं वेगळं. ओळखायला एक खाणावळ पुरते.

सगळ्यात आधी बर्मी बाजूला काढावी, कारण ती खरोखरच वर्तुळांची लिपी आहे. पूर्ण वर्तुळ म्हणजे ‘व’. तेच वरून उघडं ठेवलं की ‘प’, खालून उघडं ठेवलं की ‘ग’, उजवीकडून उघडं ठेवलं की ‘ङ’. फुटक्या बांगडीचा तुकडा कुठून पडलाय, एवढ्यावर अक्षर ठरतं. बर्मी खाणावळीच्या पाटीवर तीन छोटे शब्द जोडून लिहितात : खाणं, पिणं, दुकान. ‘खाणं’ संपतं तिथे एकावर एक दोन टिंबं दिसतील. हुबेहूब आपला विसर्ग. फक्त इथे तो ‘ह’ नसून सुराची खूण आहे. पुढच्या दोन्ही शब्दांच्या शेवटच्या अक्षरावर एक बारीक आकडा बसलेला असतो. तो आपल्या हलन्ताचंच काम करतो, पण पायाशी नाही, डोक्यावर. टिंबांची जोडी आणि हे आकडे पाटीभर विखुरलेले दिसले की लिपी बर्मी घराण्यातली. मात्र शान आणि मोन भाषाही याच घराण्यातल्या लिपीत लिहितात, त्यामुळे लिपी ओळखली म्हणजे भाषा कळली असं नाही. चियांग माईतल्या देवळांच्या फलकांवर दिसणारी जुनी लान्ना लिपीही अशीच गोल आहे. ती बर्मी समजून पुष्कळजण फसतात. त्याच फलकावर थाई नाव आहे का ते पाहावं.

दुसरी ख्मेर. कंबोडियातल्या खाणावळीच्या पाटीवरचा शब्द उच्चारात बराच बदललेला असला, तरी लिहिलेला आहे आपला ‘भोजनीयस्थान’च, पालीच्या वळणाने. त्याच्या शेवटाकडे पाहा : ट-वर्गातल्या एका अक्षराच्या खाली छोटा ‘ठ’ लोंबतोय. ख्मेरमध्ये या खालच्या अक्षराला ‘पाय’ म्हणतात. वर बहुतेक अक्षरांना तुऱ्यासारखं नागमोडी टोक असतं, त्याला म्हणतात ‘केस’. वर केस आणि खाली पाय, एवढं पुरेसं आहे. ख्मेर भाषेत सूर नाहीत, म्हणून सुराच्या खुणाही नाहीत. पण अक्षरावर कधी कधी दोन बारीक उभ्या रेघा असतात आणि नवखा माणूस त्यांना सुराची खूण समजतो. त्या रेघा व्यंजनाचा गट बदलतात, आणि त्यामुळे पुढच्या स्वराचा उच्चार बदलतो.

खरी कसोटी थाई आणि लाओ यांच्यात आहे. या दोघी सख्ख्या बहिणी. अक्षराची सुरुवात जिथून होते, तिथे दोघींतही बहुतेक वेळा बारीकसा पोकळ गोळा असतो. सुराच्या चारही खुणा दोघींकडे आहेत आणि दिसायला जवळपास सारख्या. पहिली उभी रेघ, दुसरी आकड्यासारखी वळलेली, चौथी अधिकाचं चिन्ह. तेव्हा या दोघींत सुराच्या खुणांवर विसंबून उपयोग नाही. थाई ‘रान आहान’ आणि लाओ ‘हान आहान’, दोन्ही म्हणजे खाणावळ, आणि दोन्हींच्या पहिल्या अक्षरावर तीच वळलेली खूण बसते.

फरक शेवटच्या अक्षरात आहे. ‘आहान’ म्हणजे आपला ‘आहार’. थाईंनी संस्कृतातला ‘र’ लिहिण्यात जपला आणि उच्चार केला ‘न’. म्हणून थाई पाटीचं पहिलं आणि शेवटचं अक्षर एकच. लाओ मात्र आता बोलतात तसं लिहितात, त्यामुळे त्यांच्या पाटीच्या शेवटी सरळ ‘न’ आहे आणि सुरुवातीचं अक्षर निराळं. थाईत 44 व्यंजनचिन्हं, लाओत 27, तीही याच कारणाने. त्यामुळे लाओ पाटी मोकळी दिसते. तिचे फराटे झोकदार असतात, तर थाई अक्षरांचे खांब ताठ उभे असतात.

हल्लीच्या चकचकीत थाई पाट्यांवर तो सुरुवातीचा गोळाच काढून टाकतात. मग ‘र’ इंग्रजी एससारखा दिसतो, ‘न’ यूसारखा, आणि आधीची सारी ओळख कोलमडते. अशा वेळी बिअरची पाटी शोधावी. थाई पाटीवर शेवटी ‘र’ असतो आणि त्याच्या डोक्यावर शेपटीवालं बारीक वेटोळं. हे अक्षर लिहिलंय, पण उच्चारू नका, असं ते सांगतं. आजच्या लाओ लेखनात हे वेटोळं नाही. लाओंची ‘बिया’ तीन चिन्हांत संपते आणि तिच्या डोक्यावर काहीच नसतं.