एकाच क्षणापासून दोन मोजमापं

३१ जानेवारी २०१७ ची रात्र. जगभरातल्या प्रोग्रामर मंडळींचा कोड सांभाळणाऱ्या गिटलॅब या कंपनीतला एक अभियंता बराच वेळ एका बिघाडाशी झुंजत होता. कंपनीचे दोन डेटाबेस सर्व्हर होते. पहिल्यावर काम चाले आणि दुसऱ्यावर त्याची प्रत सतत उतरत राही. त्या दिवशी ताण वाढल्यामुळे दुसरा सर्व्हर इतका मागे पडला की प्रत उतरणंच थांबलं. ती नव्याने सुरू करायची तर आधी दुसऱ्या सर्व्हरवरचं फोल्डर रिकामं करायला हवं होतं. अभियंत्याने `rm -rf` ची आज्ञा दिली, पण ती पहिल्या सर्व्हरवर. एकदोन सेकंदांत चूक ध्यानात आली आणि त्याने आज्ञा थांबवली. तोवर सुमारे ३०० जीबींपैकी जेमतेम साडेचार जीबी उरले होते.

मी रविवारी बँकांतल्या आणि आयटीतल्या लोकांना सीआयएसए, सीआयएसएसपी अशा परीक्षांसाठी शिकवतो. आरटीओ आणि आरपीओ हा विषय आला की सुरुवात याच घटनेने करतो, कारण कंपनीने स्वतःच वेळापत्रकासह सगळं जाहीर केलं आणि दोन्ही मोजमापं त्यात स्वच्छ दिसतात.

फळ्यावर एक आडवी रेघ ओढा आणि मधोमध फुली मारा. फुली म्हणजे बिघाडाचा क्षण. त्या फुलीपासून डावीकडे, म्हणजे भूतकाळात, शेवटची वापरण्याजोगी प्रत जिथे सापडते तिथपर्यंतचं अंतर मोजा. तेवढ्या वेळातल्या नोंदी गेल्या. जास्तीत जास्त किती वेळाच्या नोंदी गमावणं आपल्याला परवडेल हे आधी ठरवून ठेवलेलं असतं, तो आरपीओ, म्हणजे रिकव्हरी पॉइंट ऑब्जेक्टिव्ह. आता फुलीपासून उजवीकडे, सेवा पुन्हा सुरू होईपर्यंतचं अंतर मोजा. त्याची ठरवून दिलेली मर्यादा म्हणजे आरटीओ, रिकव्हरी टाइम ऑब्जेक्टिव्ह. दोन्ही उद्दिष्टं आहेत, घटनेनंतर प्रत्यक्ष मोजलेले आकडे नव्हेत. परीक्षेत हा फरक हमखास विचारतात.

गिटलॅबच्या रेघेवर डावीकडे काय सापडलं? रोज एकदा `pg_dump` ने बॅकअप घेतला जायचा, निदान तसा समज होता. प्रत्यक्षात डेटाबेस पोस्टग्रेसच्या ९.६ आवृत्तीचा आणि बॅकअप घेणारा प्रोग्राम ९.२ चा, त्यामुळे बॅकअप रोजच फसत होता. फसल्याचे इशारे ईमेलने निघत होते, पण त्या ईमेलवर आवश्यक ती डिजिटल सही नसल्याने मेल सर्व्हर ते परत लावत होता. बॅकअपची जागा उघडून पाहिली तेव्हा ती रिकामी होती. वाचवलं ते एका योगायोगाने. त्याच संध्याकाळी, सुमारे सहा तास आधी, एका चाचणीसाठी डेटाबेसचा स्नॅपशॉट हाताने घेतलेला होता. असा स्नॅपशॉट एरवी चोवीस तासांतून एकदा निघायचा. म्हणजे चाचणीचं काम त्या दिवशी नसतं, तर जवळजवळ पूर्ण दिवसाच्या नोंदी गेल्या असत्या. तरीही सुमारे ५,००० प्रोजेक्ट, तितक्याच प्रतिक्रिया आणि ७०० च्या आसपास नवी खाती गेली. रेघेच्या उजव्या बाजूला साइट परत उभी राहायला अठरा तास लागले, कारण तो स्नॅपशॉट संथ डिस्कच्या सर्व्हरवर होता आणि तिथून डेटा ओढायलाच बहुतेक वेळ गेला.

इथे थोडं थांबायला हवं. सतत उतरणारी प्रत होती, तरी ती कामाला आली नाही. आली असती तरी पुसण्याच्या सगळ्याच चुकांपासून तिने वाचवलं नसतं. एखाद्याने चुकीची आज्ञा देऊन डेटाबेसमधलं टेबल उडवलं, तर ते उडवणंही इमानेइतबारे दुसऱ्या सर्व्हरवर पोचतं. सर्व्हर बंद पडणं, जागा हातची जाणं, यांवर प्रतिकृती हा उपाय आहे. मागच्या क्षणाकडे परत जायचं तर बॅकअपच लागतो. ‘रेप्लिकेशन आहे, तेव्हा आरपीओ शून्य’ असा पर्याय प्रश्नपत्रिकेत दिसला की कोणत्या प्रकारच्या संकटाबद्दल विचारलंय ते आधी बघा.

आता गणित. समजा, एका पतसंस्थेत रोज रात्री दहाला पूर्ण बॅकअप सुरू होतो. त्याला दोन तास लागतात. मग ती प्रत दुसऱ्या गावच्या सर्व्हरवर पाठवायला आणखी दोन तास. मुख्य कचेरीला आग लागली, तर जास्तीत जास्त किती वेळाच्या नोंदी जातील?

वर्गात बहुतेक जण लिहितात, चोवीस तास. बॅकअप दिवसातून एकदा होतो, म्हणून. पण आग रात्री एक पन्नासला लागली असं धरा. आजचा बॅकअप तयार आहे, पण त्याच इमारतीत आहे आणि पाठवणं पूर्ण झालेलं नाही. दुसऱ्या गावी पूर्ण पोचलेली शेवटची प्रत कालची आहे, आणि तिच्यात काल रात्री दहापर्यंतच्याच नोंदी आहेत. दहा ते एक पन्नास म्हणजे सत्तावीस तास पन्नास मिनिटं. सर्वांत वाईट वेळी उत्तर अठ्ठावीस तासांना टेकतं. सूत्र म्हणून लक्षात ठेवायचं तर दोन बॅकअपमधलं अंतर, अधिक बॅकअपला लागणारा वेळ, अधिक प्रत सुरक्षित जागी पोचायला लागणारा वेळ. प्रतीचं वय ती घ्यायला सुरुवात केली तेव्हापासून मोजायचं, पोचली तेव्हापासून नाही.

संस्थेला आरपीओ अर्ध्या तासाचा हवा असेल तर रात्रीचा पूर्ण बॅकअप ठेवूनच दर पंधरा मिनिटांनी व्यवहारांचा लॉग बाहेर पाठवावा लागेल. लॉग तयार होऊन पोचायला पाच मिनिटं धरली तर वाईटात वाईट नुकसान वीस मिनिटांचं. उद्दिष्ट गाठलं. पण याची किंमत रेघेच्या दुसऱ्या बाजूला चुकवावी लागते, आणि हा भाग पुस्तकांत घाईने उरकलेला असतो.

सर्व्हर संध्याकाळी साडेपाचला गेला असं समजा. परत उभं करायला आधी कालचा पूर्ण बॅकअप उतरवायचा. डेटा ६०० जीबी, वेग सेकंदाला १०० एमबी, म्हणजे ६,००० सेकंद, शंभर मिनिटं. त्यावर रात्री दहापासूनचे पंचाहत्तरच्या पुढे लॉग एकापाठोपाठ एक, क्रमानेच चढवायचे. त्याला तीस मिनिटं धरू. लॉग जितके जास्त तितका हा वेळ वाढतो, आणि मधला एक जरी खराब निघाला तरी त्यापुढचे सगळे निरुपयोगी. शिवाय बिघाड कळून निर्णय व्हायला वीस मिनिटं, राखीव सर्व्हर तयार करायला पंचेचाळीस, आणि सुरू झाल्यावर शिल्लक जुळते का हे तपासायला पंचवीस. बेरीज दोनशे वीस मिनिटं, तीन तास चाळीस मिनिटं. आरटीओ चार तासांचा असेल तर भागलं, पण हाताशी उरली फक्त वीस मिनिटं. राखीव सर्व्हर नसून तो मागवावा लागणार असेल, तर पुढची आकडेमोड करायचं कारणच नाही.

सिस्टीम सुरू झाली म्हणजे काम संपलं असंही नाही. हरवलेल्या वीस मिनिटांच्या नोंदी काउंटरवरच्या स्लिपांवरून आणि पिग्मी एजंटांच्या मशीनमधून पुन्हा भराव्या लागतात. त्या वेळेला वर्क रिकव्हरी टाइम म्हणतात. आरटीओ आणि हा वेळ मिळून जो आकडा येतो, तो संस्थेला सोसेल अशा बंदच्या कमाल मर्यादेच्या आत बसायला हवा.

हे झालं बॅकअपचं. आरटीओ मिनिटांत मोजायचा असेल तर प्रत उतरवत बसता येत नाही. दुसरीकडे तयार यंत्रणा चालू ठेवून काम तिच्याकडे वळवावं लागतं, त्याला फेलओव्हर म्हणतात. त्याचा धडा आपल्या मुंबईतच मिळाला. २४ फेब्रुवारी २०२१ ला राष्ट्रीय शेअर बाजारातले, म्हणजे एनएसईमधले व्यवहार सकाळी ११.४० ला थांबले. टेलिकॉम लिंक बिघडल्या आणि जोखीम मोजणारी यंत्रणा बंद पडली. चेन्नईत पर्यायी केंद्र होतं, पण बाजार तिकडे वळवला गेला नाही. व्यवहार दुपारी ३.४५ ला पुन्हा सुरू झाले, म्हणजे चार तास पाच मिनिटांनी.

पुढच्याच महिन्यात सेबीने शेअर बाजारांसारख्या संस्थांसाठी नियम कडक केले. महत्त्वाची यंत्रणा बंद पडली तर तीस मिनिटांच्या आत आपत्ती जाहीर करायची, आरटीओ पंचेचाळीस मिनिटांचा, आरपीओ पंधरा मिनिटांचा. यावर मी दरवर्षी एक प्रश्न देतो: ग्राहकाच्या दृष्टीने बाजार जास्तीत जास्त किती वेळ बंद राहील? पंचेचाळीस हे उत्तर चूक आहे. ती मिनिटं आपत्ती जाहीर झाल्यापासून मोजली जातात, म्हणून तीस अधिक पंचेचाळीस, पंचाहत्तर मिनिटं. घड्याळ बिघाडापासून चालू होतं की घोषणेपासून, हे प्रश्नात शोधल्याशिवाय बेरजेला हात घालू नका. माझ्या मते या नियमातला सर्वांत मोलाचा आकडा ते तीसच आहेत. फेलओव्हर रखडतो तो बहुधा यंत्रामुळे नव्हे. ‘आणखी दहा मिनिटं बघू, इथेच दुरुस्त होईल’ असं कोणीतरी म्हणत राहतं आणि त्यात तास जातो.

आरपीओ शून्य का नाही, पंधरा मिनिटं का? मुंबई ते चेन्नई सरळ रेषेत हजार किलोमीटरच्या वर आहे. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन परत यायला किमान दहा मिलिसेकंद. प्रत्येक व्यवहार चेन्नईत लिहिला गेल्याची पोच आल्यावरच पुरा मानायचा, तर प्रत्येक ऑर्डरमागे ही दहा मिलिसेकंद थांबावं लागेल. ऑर्डर मायक्रोसेकंदांत जुळवणाऱ्या बाजाराला ते शक्य नाही. म्हणून दूरची प्रत पोचेची वाट न पाहता पाठवली जाते आणि ती नेहमी थोडी मागे असते. दूर किती, याचाही नियम आहे. पर्यायी केंद्र वेगळ्या भूकंपप्रवण क्षेत्रात, नाहीतर किमान ५०० किलोमीटरवर असावं अशी अपेक्षा आहे.

ती तूट भरून काढायला तिसरी जागा लागते, निअर साइट. ती इतकी जवळ असते की पोच येईपर्यंत थांबणं परवडतं, आणि तिचं काम एकच, एकही नोंद न गमावणं. मुख्य केंद्र बंद पडलं तर चेन्नई आपल्याकडे न पोचलेल्या शेवटच्या नोंदी निअर साइटवरून ओढून घेतं आणि मग व्यवहार उघडतं. हा ओढून घेण्याचा आणि जुळवण्याचा वेळही त्या पंचेचाळीस मिनिटांतच बसवायचा असतो. आणि एकाच पुराने किंवा वीज जाण्याने मुख्य केंद्र व निअर साइट दोन्ही एकदम बंद पडली, तर चेन्नईकडे जेवढं पोचलं असेल तेवढ्यावरच बाजार उघडावा लागेल. ती पंधरा मिनिटं त्या दिवसासाठी आहेत.