दोन मायक्रोलिटरची ऊब

उंच डोंगरावर जाणारी मंडळी विरळ हवेचा त्रास होऊ नये म्हणून अ‍ॅसिटाझोलामाइडची गोळी घेतात. काचबिंदूच्या रुग्णालाही हेच औषध देतात. दोन्हीकडे ते ज्याला रोखतं ते एकच प्रथिन आहे, कार्बोनिक अनहायड्रेज. या प्रथिनात एक खोल खळगा असतो, खळग्याच्या तळाशी जस्ताचा अणू असतो आणि औषधाच्या रेणूतला सल्फोनामाइड गट थेट त्या जस्ताला जाऊन धरतो. औषध शोधणाऱ्याला इथे दोन गोष्टी हव्या असतात: ही पकड किती घट्ट आहे आणि ती बसताना किती उष्णता बाहेर पडते. दोन्हींचं उत्तर एकाच प्रयोगात देणारी पद्धत म्हणजे आयसोथर्मल टायट्रेशन कॅलरीमेट्री. प्रयोगशाळेत तिला नुसतं आयटीसी म्हणतात. रेणूला रंग जोडायचा नाही, प्रथिन कशावर चिकटवायचं नाही. पकड बसताना निर्माण होणारी उष्णताच मोजायची.

या प्रथिनाचा एक साधा जोडीदार सरावासाठी फार वापरला जातो. त्याचं नाव कार्बॉक्सीबेंझीन सल्फोनामाइड. त्याचा वियोजन स्थिरांक सुमारे 1 मायक्रोमोलर आहे. म्हणजे द्रावणात हा रेणू 1 मायक्रोमोलर इतका मोकळा असेल, तेव्हा प्रथिनाच्या निम्म्या जागा भरलेल्या असतात. हा आकडा जितका लहान, तितकी पकड घट्ट. पुढचं सगळं या एकाच जोडीवर पाहू.

यंत्रात धातूचे दोन छोटे कप्पे असतात. एकात पाणी, दुसऱ्यात प्रथिनाचं द्रावण. हल्लीच्या यंत्रांत हा कप्पा जेमतेम 200 मायक्रोलिटरचा असतो. वरून एक बारीक सिरिंज त्यात उतरते. तिच्यात जोडीदार रेणूचं 40 मायक्रोलिटर द्रावण असतं. सिरिंजची सुई स्वतःच फिरत द्रावण ढवळते आणि दर अडीच मिनिटांनी 2 मायक्रोलिटर आत सोडते. दोन्ही कप्पे अगदी सारख्या तापमानावर, समजा 25 अंशांवर, ठेवण्याची जबाबदारी यंत्राची. प्रथिनाच्या कप्प्यात उष्णता निर्माण झाली की यंत्र तिथला हीटर तेवढा मंद करतं. हीटर किती आणि किती वेळ मंद झाला, त्याचीच नोंद पडद्यावर खाली उतरणाऱ्या टोकासारखी दिसते. त्या टोकाचं क्षेत्रफळ म्हणजे त्या थेंबाची उष्णता.

ती किती असते? सिरिंजमध्ये 300 मायक्रोमोलरचं द्रावण आहे असं धरा. एका थेंबात 600 पिकोमोल रेणू आले. ही पकड बसताना दर मोलला सुमारे 10.4 किलोकॅलरी उष्णता सुटते. गुणाकार केला तर एका थेंबाची उष्णता भरते 6 मायक्रोकॅलरीच्या जरा वर. कप्प्याचं तापमान सांभाळलं नसतं, तर ते अंशाच्या तीन शतसहस्रांशानं वाढलं असतं. यंत्र इतकं सूक्ष्म मोजतं ही कौतुकाची गोष्ट खरीच, पण त्याचा अर्थ असाही होतो की दुसऱ्या कुठल्याही कारणानं आलेली उष्णता ते तितक्याच प्रामाणिकपणे मोजतं. कोणती उष्णता आपल्या कामाची हे त्याला कळत नाही. आयटीसीमधली निम्मी मेहनत यासाठीच असते, आणि ती यंत्र सुरू होण्याच्या आदल्या दिवशीच करावी लागते.

ती मेहनत बफर जुळवण्याची. कप्प्यातलं आणि सिरिंजमधलं द्रावण, प्रथिन आणि त्याचा जोडीदार सोडल्यास, तंतोतंत एक असायला हवं. मीठ थोडं कमी-जास्त असेल, तर दर थेंबाला ते विरळ होण्याची उष्णता मिसळते. सर्वांत दगा देतं डीएमएसओ. औषधाचे बरेच रेणू पाण्यात नीट विरघळत नाहीत, म्हणून आधी त्यात विरघळवतात. आता 1 टक्का डीएमएसओ म्हणजे किती? सुमारे 140 मिलिमोलर. आपला रेणू आहे 0.3 मिलिमोलर, म्हणजे त्याच्या साडेचारशे पटींहून अधिक डीएमएसओ त्याच थेंबात बसलेला असतो. सिरिंजमध्ये 1 टक्का आणि कप्प्यात अर्धाच टक्का असला, तर आलेखात आपल्या रेणूचा आवाज ऐकू येणं कठीण होतं.

म्हणून रीत अशी: प्रथिन डायलिसिसच्या नळीत घालून रात्रभर बफरमध्ये ठेवायचं. सकाळी नळीबाहेर उरलेला बफर फेकायचा नाही. गाळून बाटलीत जपून ठेवायचा. जोडीदार रेणूची पूड त्याच बफरमध्ये विरघळवायची, सिरिंज त्याच बफरनं धुवायची, कप्पाही त्यानंच. डीएमएसओ लागणारच असेल तर प्रथिनाच्या द्रावणातही मोजून तेवढाच घालायचा. मग दोन्ही द्रावणांचा पीएच पुन्हा तपासायचा. ही शेवटची पायरी लोक हमखास गाळतात. आपला रेणू स्वतः आम्ल आहे, त्यामुळे विरघळताना तो बफरचा पीएच खाली ओढतो. बफर तोच, बाटली तीच, तरी पीएच वेगळा. ट्रिस नावाचा लोकप्रिय बफर एक प्रोटॉन उचलताना दर मोलला 11 किलोकॅलरीहून अधिक उष्णता सोडतो, म्हणजे आपण मोजायला निघालो त्या उष्णतेइतकीच. फॉस्फेट बफरमध्ये हाच आकडा एक किलोकॅलरीच्याही आत राहतो. पकड बसताना प्रथिनातून प्रोटॉन सुटत असेल किंवा घेतला जात असेल, तर पीएच जुळूनही बफरचा हा वाटा मोजमापात येतो. तो ओळखायला तोच प्रयोग दोन वेगळ्या बफरांत करून पाहावा लागतो.

चूक झाली आहे हे आलेखावरून कळतं. सगळं ठीक असेल तर सुरुवातीची टोकं खोल असतात, प्रथिनाच्या जागा भरत जातात तशी ती आखूड होतात, आणि शेवटी ठिपक्याएवढी उरतात. शेवटची टोकं मोठीच राहिली आणि सगळी एकसारखी असली, तर समजावं की बफर जुळलेला नाही. खात्रीसाठी नुसत्या बफरमध्ये तोच रेणू सोडून एक वेगळी फेरी घ्यावी. त्या फेरीतली टोकं आणि खऱ्या प्रयोगातली शेवटची टोकं सारखी आली पाहिजेत. ही उष्णता थोडी असेल तर वजा करता येते. फार असेल तर वजाबाकीच्या नादी न लागता द्रावणं पुन्हा करावीत, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता किती प्रथिन घ्यायचं? 1989 साली वाइझमन आणि सहकाऱ्यांनी यासाठी एक सोपी कसोटी मांडली. प्रथिनाच्या जागांची संहती भागिले वियोजन स्थिरांक; या भागाकाराला सी म्हणतात. आपण 30 मायक्रोमोलर प्रथिन घेतलं आणि स्थिरांक 1 मायक्रोमोलर, तर सी झाला 30. दहा ते शंभरच्या दरम्यान असला की आलेख इंग्रजी एस अक्षरासारखा सुरेख वळतो. सी एकच्या खाली गेला तर वळणच दिसत नाही, एक लांब उतार उरतो. उलट हजाराच्या वर गेला तर आलेख पायरीसारखा उभा पडतो: उष्णता नीट वाचता येते, पण पकड नेमकी किती घट्ट ते सांगता येत नाही. अ‍ॅसिटाझोलामाइडचं हेच होतं. त्याचा स्थिरांक दहा नॅनोमोलरच्या घरात आहे. 30 मायक्रोमोलर प्रथिन घेतलं तर सी तीन हजारांवर जातो. प्रथिन कमी करत जावं तर टोकंही लहान होत जातात. तेव्हा आधी सैल पकडीचा रेणू प्रथिनात भरून ठेवतात आणि घट्ट पकडीच्या औषधानं त्याला हुसकावून लावतात.

सिरिंजमधलं द्रावण प्रथिनाच्या साधारण दहापट ठेवतात. 2 मायक्रोलिटरचे 19 थेंब म्हणजे 38 मायक्रोलिटर, आणि कप्पा 200 चा. दहापट संहतीनं शेवटी दर प्रथिनामागे जवळजवळ दोन रेणू जातात. एक जागा भरून पुढची सपाट शेपटीही दिसते. या सगळ्यांच्या आधी अर्ध्या मायक्रोलिटरहून लहान असा एक थेंब सोडतात आणि त्याची नोंद टाकून देतात, कारण वाट पाहताना सुईच्या टोकाशी द्रावण झिरपलेलं असतं.

प्रयोग संपला की आलेखात तीन गोष्टी वाचायच्या. सुरुवात आणि शेवट यांतली उंची म्हणजे एन्थाल्पी, दर मोलची उष्णता. वळणाचा मध्य कुठे पडला त्यावरून एका प्रथिनात किती जागा ते कळतं. पडद्यावर हा आकडा N म्हणून येतो. वळण किती तीव्र, त्यावरून वियोजन स्थिरांक. आपल्या जोडीत 1 मायक्रोमोलर म्हणजे मुक्त ऊर्जेतला फरक वजा 8.2 किलोकॅलरी. एन्थाल्पी वजा 10.4. उरलेले अधिक 2.2 एन्ट्रॉपीच्या खात्यावर, म्हणजे ही पकड उष्णतेच्या बळावर बसते आणि एन्ट्रॉपी तिला थोडा विरोध करते.

आता समजा, पुडीत ओलावा होता आणि आपण 300 समजलो ते द्रावण खरं 270 मायक्रोमोलरच होतं. यंत्राला ते माहीत नाही. एन्थाल्पी वजा 9.4 दिसेल, N 1.11 होईल, स्थिरांक 1.11 मायक्रोमोलर येईल. स्थिरांकातला हा फरक कुणाच्या लक्षातही येणार नाही. मुक्त ऊर्जा जेमतेम हलते. पण एन्ट्रॉपी आपण वजाबाकीनं काढतो, त्यामुळे तिचा आकडा 2.2 वरून 1.2 वर येतो, आणि त्यावर कुणी रेणूच्या लवचीकतेबद्दल मोठा निष्कर्ष काढून बसतो. कप्प्यातल्या प्रथिनाची संहती चुकली तर ती चूक मुख्यतः N मध्ये दिसते. सिरिंजमधली चूक तिन्ही आकडे बिघडवते. आणि दोन्हीकडे एकाच दिशेनं चूक झाली तर N चक्क एक येऊन आपल्याला निर्धास्त करतो.

हे कागदावरचं भय नाही. 2002 साली अमेरिकेतल्या जैवरेणू प्रयोगशाळांच्या संघटनेनं हीच जोडी चौदा ठिकाणी मोजून घेतली. स्थिरांकाबद्दल ठीक जुळलं. एन्थाल्पी मात्र वजा 10.4, अधिक-उणे 2.5 आली, जवळजवळ चौथा हिस्सा इतस्ततः. एकेका प्रयोगशाळेचं सॉफ्टवेअर याहून कितीतरी लहान चूक दाखवतं, कारण ते फक्त ठिपके रेषेवर किती नीट बसले ते पाहतं. 2011 मध्ये टेलिंगहॉयझन आणि कोडेरा यांनी हे आकडे पुन्हा तपासले तेव्हा बोट गेलं ते सिरिंजमधल्या द्रावणाच्या संहतीकडे.

तेव्हा एखाद्या शोधनिबंधात एन्थाल्पीपुढे अधिक-उणे 0.1 असा देखणा आकडा दिसला, तर आधी सिरिंजमधलं द्रावण नुसतं तराजूवर तोलून केलं होतं की त्याची संहती स्वतंत्रपणे मोजली होती ते शोधा. ते लिहिलेलं नसेल, तर स्थिरांक घ्या आणि एन्ट्रॉपीवरचा परिच्छेद सोडून द्या.